बल्ब बायपास केल्याने माळ ‘उजळते’ म्हणणाऱ्यांसाठी

“सिरीज माळेतला एक बल्ब उडाला तर माळ फेकू नका. होल्डरच्या दोन्ही तारा सोलून एकमेकींना पीळ द्या. अडकलेला करंट मोकळा होतो, बाकीचे बल्ब जास्त उजळतात, वीज वाचते आणि माळ वर्षानुवर्षं टिकते. बल्ब पाच व्होल्टचा असतो, शॉक लागत नाही. कितीही बल्ब काढा, चालतं!”

हा मेसेज मावशीने पाठवला, तोही “करून बघते” असं लिहून. म्हणून शेवटून सुरुवात करतो, कारण शॉकबद्दलचं ते वाक्य जिवावर बेतू शकतं.

समजा, २३० व्होल्टवर ५० बल्बांची माळ आहे. माळ पेटलेली असताना प्रत्येक बल्बवर साधारण ४.६ व्होल्ट पडतात, इथपर्यंत खरं. पण एका ठिकाणी वाट तुटली की करंट शून्य होतो. करंटच नाही म्हटल्यावर उरलेल्या ४९ बल्बांवर काहीही व्होल्टेज पडत नाही आणि पूर्ण २३० व्होल्ट त्या एका तुटलेल्या जागेवर येऊन बसतात. म्हणजे मेसेज जिथे हात घालायला सांगतो, बरोबर तिथेच. माळ विझलेली दिसते, पण फेजच्या बाजूची अख्खी तार जिवंत असते. दोन पिनांचा प्लग उलटसुलट कसाही बसतो, त्यामुळे फेज कुठल्या बाजूला आहे हे नुसतं बघून कळत नाही. भिंतीवरचं बटण बंद केलं तरी विसंबू नये, कारण वायरिंग चुकलं असेल तर ते बटण न्यूट्रलच तोडत असतं. प्लग उपटून हातात घेतल्याशिवाय माळेला हात लावायचा नाही.

‘अडकलेला करंट’ असं काही नसतं. सिरीजमध्ये सगळीकडे एकच करंट असतो, नाहीतर कुठेच नसतो.

आता उजेडाचं. बल्ब उजळतात, हे नाइलाजाने मान्य. बऱ्याच माळांमध्ये तर कारखान्यातच ही सोय केलेली असते. बल्ब डोळ्यांजवळ धरून बघा: फिलामेंटच्या खाली, दोन जाड तारांभोवती एका बारीक तारेचे दोन-तीन वेढे दिसतील. हा शंट. त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्यामुळे एरवी त्यातून करंट जात नाही. फिलामेंट तुटलं की वर सांगितलेले पूर्ण २३० व्होल्ट त्या थरावर येतात, थर फुटतो, शंट जोडला जातो आणि माळ पुन्हा लागते. तो एक बल्ब मात्र काळाच राहतो.

पण हा जास्तीचा उजेड फुकट मिळत नाही. इल्युमिनेटिंग इंजिनिअरिंग सोसायटीच्या हँडबुकमधला फिलामेंट बल्बांचा ढोबळ नियम असा: उजेड व्होल्टेजच्या ३.४ व्या घाताने वाढतो आणि आयुष्य १३ व्या घाताने घटतं. एक बल्ब वगळला तर उरलेल्यांवर ४.६९ व्होल्ट येतात, वाढ जेमतेम २ टक्के. उजेड ७ टक्क्यांनी वाढतो, डोळ्याला कळणारही नाही. आयुष्य मात्र जवळपास एक चतुर्थांशाने कमी होतं. पाच वगळले की प्रत्येकावर ५.१ व्होल्ट, उजेड ४० टक्क्यांहून जास्त आणि आयुष्य मूळच्या पावभर. दहा वगळले तर ५.७५ व्होल्ट, उजेड दुपटीहून थोडा जास्त आणि आयुष्य अठराव्या हिश्श्यावर. म्हणून अशा माळेत सुरुवातीला कधीतरी एखादा बल्ब जातो आणि मग एकदम रांग लागते. प्रत्येक जाणारा उरलेल्यांवर भार टाकून जातो. “वर्षानुवर्षं टिकते” म्हणे!

वीज वाचण्याचं तर उलटंच आहे. व्होल्टेज तेच आणि वाटेतला विरोध कमी, म्हणजे करंट जास्त. पाच बल्ब वगळल्यावर माळ साधारण ६ टक्के जास्त वीज खाते. एलईडी माळेला यातले आकडे लागू पडत नाहीत, पण तिथेही बायपास केल्यावर उरलेल्यांचा करंट बहुधा वाढतो.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. काही माळांमध्ये एक फ्यूज-बल्ब असतो, बहुधा पांढऱ्या टोकाचा. त्यात मुद्दाम शंट ठेवलेला नसतो. बरेच बल्ब जाऊन करंट वाढला की त्याने तुटून माळ बंद पाडावी, हेच त्याचं काम. ‘कितीही बल्ब काढा’ म्हणत कुणी त्याच्याही तारा जोडल्या, तर होल्डर वितळेपर्यंत माळ चालूच राहील.

मावशीला कळवलंय: प्लग काढ, काळे पडलेले बल्ब उपटून माळेसोबत आलेल्या जादाच्या बल्बांतले तेच बसव. अख्खी माळच विझली असेल तर चांगला बल्ब एकेका होल्डरमध्ये घालून बघ, दर वेळी प्लग काढून. जादाचे बल्ब संपले असतील तर त्याच व्होल्टचे आणि त्याच करंटचे आण, दिसायला सारखे चालणार नाहीत. आणि पांढऱ्या टोकाच्या जागी पांढऱ्या टोकाचाच लाव.