पुतण्याकडे ठेवलेले पैसे नक्की कोणाचे?

ट्रस्ट, म्हणजे एकाच्या ताब्यात पण दुसऱ्याच्या भल्यासाठी दिलेली मालमत्ता, यावरच्या माझ्या मागच्या लेखावर वाचकाची प्रतिक्रिया: "लेखात मेळ नाही. 'ट्रस्ट' हा शब्द नसला तरी चालतं म्हणता, आणि काकांनी विश्वासाने पैसे ठेवले तरी ट्रस्ट झाला नाही म्हणता. वर ट्रस्ट फसला की पैसे पुतण्याचेच? लंडनचा कायदा सोलापुरात कशाला?"

ट्रस्ट फसल्यावर पैसे कोणाचे, या मुद्द्यावर चूक माझीच. "पुतण्याचेच" हे मी सरसकट लिहिलं. खरं तर हेतू, मालमत्ता आणि लाभार्थी या तीन निश्चितींपैकी कोणती हुकली, त्यावर ते ठरतं. त्यांची मांडणी 1840 च्या एका इंग्रजी निकालातून रूढ झाली, पण आपल्या 1882 च्या ट्रस्ट कायद्याच्या कलम 6 मध्येही त्या आहेत.

त्या लेखातल्या पॉवरलूमवाल्या काकांचं मृत्युपत्र पुन्हा बघू. बाकीची सगळी मिळकत मुलांना आहे. त्यांनी लिहिलं, "18 लाखांची ठेव पुतण्याला. त्यातली बरीचशी त्याने भाचीच्या मुलांना द्यावी." बरीचशी म्हणजे 10 लाख की 15? कोर्ट आकडा घालून देत नाही. मालमत्ता अनिश्चित, म्हणून ट्रस्ट नाही आणि ठेव पुतण्याकडे राहते. नुसतं "तो घरच्यांकडे बघेल अशी आशा आहे" लिहिलं असतं तरी हेच. पण "पूर्ण विश्वास आहे की हे 12 लाख तो भाचीच्या मुलांच्या भल्यासाठी वापरेल" असं असेल, तर ट्रस्ट शब्दाविना एक्स्प्रेस ट्रस्ट, म्हणजे मालकाने स्वतःच्या हेतूने केलेला ट्रस्ट, होतो. कलम 6 खालच्या उदाहरणांत जवळजवळ हेच वाक्य आहे. म्हणजे अडचण 'विश्वास' शब्दाची नव्हती, 'बरीचशी'ची होती.

आता तुम्हाला खटकलेली बाजू. काका लिहितात, "12 लाख पुतण्याकडे विश्वस्त म्हणून, आपल्या जवळच्या माणसांसाठी." रक्कम ठरलेली आहे आणि पुतण्याला बक्षीस द्यायचं नाही हेही स्पष्ट आहे, पण जवळची माणसं कोण? शेजारी, जुने कामगार, व्याही? इथे ट्रस्ट फसतो, तरी पुतण्याला एक रुपयाही मिळत नाही. कलम 83 प्रमाणे तो ती रक्कम काकांच्या वारसदारांसाठी, इथे मुलांसाठी, धरून असतो. हाच रिझल्टिंग ट्रस्ट. वकिलांच्या मसुद्यातही हा फरक निसटलेला दिसतो, कारण 'विश्वस्त म्हणून' हे दोन शब्द कोणी नीट वाचत नाही.

कन्स्ट्रक्टिव्ह ट्रस्ट कायदाच लादतो, त्याला असा हेतू लागतच नाही. भाचीच्या मुलांसाठीचे 12 लाख पुतण्याने स्वतःच्या सुताच्या धंद्यात फिरवून 2 लाख नफा कमावला, तर कलम 88 प्रमाणे तो नफाही त्या मुलांचा. "मुद्दल तर परत केलं" हा बचाव चालत नाही.

मृत्युपत्राऐवजी हयातीतच हे करायचं असेल, तर लिहून भागत नाही. ठेव खरोखर विश्वस्ताच्या नावावर करावी लागते, आणि घर किंवा कारखान्याची जागा असेल तर सही केलेला दस्त नोंदवावा लागतो.