बेसिनमधलं पाणी, चक्रीवादळ आणि एक व्हायरल समज

«पृथ्वी फिरते म्हणून चक्रीवादळ गरगरतं, बेसिनमधलं पाणीसुद्धा त्याच कारणाने गरगरत जातं. जमिनीवर आलं की डोंगर, झाडं, इमारतींना धडकून वादळाचा जोर संपतो.»

बेसिनचा निकाल आधी लावू. पाणी सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने अर्धा मिनिट वाहिलं, तर १५ अंश उत्तर अक्षांशावर पृथ्वीच्या फिरण्याने ते जेमतेम २ मिलिमीटर बाजूला सरकेल. नळाची धार तिरकी पडली तरी याहून जास्त गडबड होते. विषुववृत्ताच्या दोन बाजूंना पाणी उलटसुलट फिरवून दाखवणाऱ्यांची कमाल खरी, पण ती हातचलाखीची.

वादळाचं तसं नाही, कारण तिथे अंतर शेकडो किलोमीटर आणि वेळ काही दिवसांचा असतो. १५ अंशांवरची हवा शांत वाटली तरी खालच्या समुद्राबरोबर ती उभ्या अक्षाभोवती सावकाश वळत असते. एक फेरी सुमारे ९२ तासांची. केंद्रापासून ५०० किलोमीटरवर हा वेग ताशी ३४ किलोमीटर भरतो. मधल्या कमी दाबाने ही हवा १०० किलोमीटरपर्यंत आत ओढली, की अंतर पाचपट घटतं आणि वेग पाचपट वाढून १७० होतो. फिरत्या खुर्चीवर पसरलेले हात छातीशी घेतले की गिरकी वाढते, तोच प्रकार. तिथल्या समुद्राचे स्वतःचे ७ वजा केले तरी वारा ताशी १६३ किलोमीटरचा. प्रत्यक्षात घर्षण यातला बराच भाग खाऊन टाकतं.

विषुववृत्तावर ही मुळातली फिरकीच शून्य असते. म्हणून समुद्र कितीही गरम असला तरी ५ अंशांच्या आत चक्रीवादळ क्वचितच जन्मतं. २००१ मधलं 'वामेई' दीड अंशाजवळ तयार झालं, ते अपवाद म्हणूनच लक्षात राहिलं.

पण फिरकी म्हणजे इंधन नव्हे. इंधन म्हणजे समुद्रावरून उचललेली वाफ. ती ढगात पाणी होताना उष्णता सोडते आणि मधला दाब कमी ठेवते. झाडं-इमारतींमुळे जमिनीलगतचा वारा मंदावतो, उंच डोंगररांगा वादळ विस्कटूनही टाकतात, हे मान्य. तरी वाटेत काहीच आडवं नसताना, नुसत्या थंड पाण्यावर गेलेलं वादळही ढेपाळतं. जमिनीवर रसद खालूनच तुटते. ओल्या मातीचासुद्धा वरचा पातळ थर पटकन थंड होतो आणि खालची उष्णता वर यायला वेळ लागतो. समुद्रात मात्र वारा पाणी घुसळतो, आणि गरम थर खोल असेल तर वर येणारं पाणीही गरमच असतं. रसद तुटली की मधला दाब वाढतो, हवा आत ओढली जाण्याचं थांबतं. पाऊस मात्र लगेच थांबत नाही, आधी उचललेली वाफ उरलेली असते.

'गुलाब' २६ सप्टेंबर २०२१ ला आंध्रच्या किनाऱ्यावर आलं आणि जमिनीवर विरत गेलं. त्याचे अवशेष अख्खा देश ओलांडून अरबी समुद्रावर पोचले, खाली पुन्हा गरम पाणी मिळालं, आणि त्यातूनच 'शाहीन' उभं राहिलं. ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या किनाऱ्यावर आदळलं, 'गुलाब'पेक्षा जास्त जोरात.