थायरॉईडची गोळी चहासोबत? फॉरवर्डमधली प्रत्येक गोष्ट तपासू या

"थायरॉईडची गोळी सकाळी चहासोबत घेतली तरी चालते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्याही त्याच वेळी उरकून टाका. महिन्याभरात टीएसएच नॉर्मल आला की गोळी बंद करा."

आधी चहाचं. थायरॉईडच्या गोळीतलं औषध, लेव्होथायरॉक्सिन, लहान आतड्यात शोषलं जातं आणि उपाशीपोटीसुद्धा साधारण 70 ते 80 टक्केच. पोटात चहा, कॉफी किंवा नाश्ता असला की ते आणखी घटतं. म्हणून उठल्याउठल्या गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा ते एक तास थांबून मग चहा. सकाळच्या डब्यांच्या धांदलीत हे जमतच नसेल, तर डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना घेता येते. फक्त जेवून किमान तीन तास झालेले हवेत. वेळ मात्र रोज तीच ठेवा.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो दुसरा सल्ला. लोह आणि कॅल्शियम आतड्यात या औषधाला चिकटतात आणि ते पुरेसं शोषलं जात नाही. समजा, एका बाईंचा टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक, 14 आहे आणि 50 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. रक्त कमी म्हणून लोहाची गोळीही बाई थायरॉईडच्या गोळीसोबतच घेतात. दोन महिन्यांनी टीएसएच 10. डॉक्टरांना लोहाचं कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून डोस 75 होतो. पुढे लोहाचा कोर्स संपतो, आता 75 पूर्ण लागू पडतात, आणि छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं सुरू होतं. मुळात दोन गोळ्यांत चार तासांचं अंतर ठेवलं असतं तर कदाचित 50 पुरले असते. तेच अंतर कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन आणि अँटासिडलाही ठेवा. रोज अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल घेत असाल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

महिन्याभरातली तपासणी घाईची ठरते. हे औषध रक्तात निम्मं व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे पातळी स्थिरावून टीएसएच खरा दिसायला सहा ते आठ आठवडे जातात. डोस बदलला की पुन्हा तेवढंच थांबायचं. स्थिर झाल्यावर सहा महिने ते वर्षाने तपासणी पुरते. फ्री टी-4, म्हणजे रक्तातल्या थायरॉईड संप्रेरकाची तपासणी, पण करायची असेल तर त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्या. केस-नखांसाठी बायोटिन घेत असाल तर डॉक्टरांना विचारून किमान दोन दिवस आधी थांबवा, त्याने रिपोर्ट चुकतो.

आणि टीएसएच नॉर्मल आला, तो बहुतेकदा गोळीमुळेच. बंद केली की काही आठवड्यांत पुन्हा चढतो. काहींची ग्रंथी पूर्ववत होते हे खरं, पण ते डॉक्टर ठरवतील.

दिवस राहिले असतील तर गोळी अजिबात सोडू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. या काळात डोस बहुतेकदा वाढवावा लागतो, आणि नेमक्या तेव्हाच लोह-कॅल्शियमच्या गोळ्याही सुरू होतात.