नाकातून वाफ म्हणजे राग नव्हे!

आज सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितेय.

माझी भाची नागोयात असते. डिसेंबरमध्ये तिने जपानी भाषेची एन-टूची परीक्षा दिली होती, तिचा काल रात्री निकाल लागला. १८० पैकी १३१. घरच्या ग्रुपवर तिने गुणपत्रिकेचा फोटो टाकला आणि खाली एकच चेहरा: 😤. बाकी एक शब्द नाही.

सकाळी उठून बघते तर ताईने विचारलेलं, "काय गं, कुणावर चिडलीस?" मोठे काका म्हणाले, "कमी पडले म्हणून एवढा राग बरा नव्हे." मग आत्याने संयमावरचा एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. अभिनंदन कुणीच केलं नाही! दोन वर्षं कामावरून थकून आल्यावर रात्री कांजी म्हणजे जपानी चित्राक्षरं गिरवत बसणारी मुलगी ती.

मी तिला फोन केला. आवाज पडलेला होता. म्हणाली, "मावशी, मी चिडले नव्हते गं. 'बघा, जमवलं की नाही!' असं म्हणत होते."

आणि तिचं शंभर टक्के बरोबर आहे. हे चेहरे जन्मले जपानी मोबाइल फोनवर, आणि त्यांच्या खाणाखुणा आल्या मांगातून, म्हणजे तिकडच्या चित्रकथांमधून. मांगात एखाद्याने अवघड काम फत्ते केलं की तो छाती पुढे काढतो, डोळे मिटतो आणि नाकातून जोरात श्वास सोडतो. बाजूला आवाज लिहिलेला असतो, 'फुन्!' नाकापुढचे ते पांढरे ढग म्हणजे हा श्वास. त्यांच्या भाषेत 'हानाइकि गा आराइ' असा वाक्प्रचारच आहे. शब्दशः अर्थ, नाकातला श्वास जोरात चाललाय. म्हणतात ते जोशात आलेल्या, ईर्ष्येने पेटलेल्या माणसाला.

मग मांगात राग कसा दाखवतात? त्याची खूण वेगळीच आहे. कपाळावर तट्ट फुगलेल्या शिरांची लाल फुली, ही अशी: 💢. आपल्या कीबोर्डवरही ती आहे, पण आपल्याकडे ती कोण वापरतं? रागाला स्वतःची फुली असल्यामुळे तिकडे नाकातला श्वास विजयाच्या वाट्याला येऊ शकला. आपल्याला फुली वाचताच येत नाही, मग आपण वाफेलाच राग समजून बसतो.

आपल्याकडे नाक फेंदारलं की माणूस चिडलाच. राग नाकाच्या शेंड्यावर असतो, बैलसुद्धा अंगावर यायच्या आधी फुसकारतो. अमेरिकेतल्या कार्टूनमध्येही भडकलेला बैल नाकातून वाफ सोडतोच. त्यामुळे ताईचं चुकलं असं मला तरी म्हणवत नाही. तिने तिला येणारी भाषा वाचली.

पण काकांचं काय? त्यांनी १३१ हा आकडा वाचला होता ना? उत्तीर्ण व्हायला ९० लागतात, हे विचारायचं तरी होतं!

२०१० साली हे चेहरे युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या फोन-संगणकांवरच्या अक्षरांच्या सामायिक यादीत आले तेव्हा या चेहऱ्याला U+1F624 हा क्रमांक मिळाला आणि अधिकृत नाव मिळालं FACE WITH LOOK OF TRIUMPH. विजयी मुद्रेचा चेहरा! युनिकोडचा नियमच आहे की एकदा दिलेलं नाव कधी बदलायचं नाही, म्हणून ते आजही तसंच आहे. पण आपण फोनवर शोधायला गेलो की दिसतं ते बोलीनाव, face with steam from nose. त्यात नुसतं जे दिसतं तेवढंच सांगितलंय, भावनेचा पत्ताच नाही. त्यात चित्र प्रत्येक कंपनी आपापलं काढते. माझ्या फोनवर भुवया खाली ओढलेल्या, ओठांची कड खाली वळलेली. असा चेहरा बघून विजय कुणाला आठवणार? तरी एक खूण शिल्लक आहे. डोळे बघा, मिटलेले आहेत. शेजारच्या 😠 आणि 😡 चे डोळे उघडे आहेत, कारण चिडलेला माणूस समोरच्याकडे रोखून बघतो. डोळे मिटून तो ऐट करत नाही.

हो, जपानमध्येही हल्ली हा चेहरा लटक्या रागाला वापरतात, भाचीनेच सांगितलं. असेल. पण वर गुणपत्रिका असताना?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. आपल्याकडे 'नाकावर टिच्चून' म्हणतात ना, तसंच काहीसं म्हणत होती पोर. आत्ताच ग्रुपवर तिच्या फोटोखाली मी लिहिलंय, "नाकावर टिच्चून पास झालीस गं बाई! 😤😤😤"

ताईचा लगेच फोन आला, "तू का चिडलीस आता?"

तिला सगळं समजावून सांगितलं. दोन मिनिटं गप्प होती, मग म्हणाली, "थांब, आधी पोरीला फोन करते."