वार मंगळवार निघाला, म्हणजे कागद खोटा

फेब्रुवारी लागला की परळच्या आमच्या सोसायटीत दोन गोष्टी हमखास निघतात. गच्चीच्या गळतीची वर्गणी आणि शिवजन्माची तारीख. वर्गणीवर कुणी फार बोलत नाही, त्यामुळे सगळा जोर तारखेवर. एक गट म्हणतो शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे इसवी सन १६२७. दुसरा म्हणतो शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. तुम्हालाही या वादात उडी घ्यायची असेल तर अभ्यासाची अजिबात गरज नाही. इतकी वर्षं खालच्या ऑफिसात बसून मी जे टिपलं, ते तुमच्या हवाली करतो.

साधन निवडताना आधी त्याची जाडी बघा. बखर जाड असते. तिच्यात माणसं तोंड भरून बोलतात, स्वप्नात देवी येते, घोडे फुरफुरतात. उलट जेधे शकावलीत काय आहे? तिथी, वार, नक्षत्र आणि अमुक शिवनेरीस उपजले, संपलं. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातलं हे बाड लोकमान्य टिळकांनी १९१६ साली उजेडात आणलं, तोवर जुनी तारीख घट्ट बसलेली होती. एका रुक्ष ओळीसाठी आपण आपलं मत बदलायचं? छे.

लिहिणाऱ्याने कधी लिहिलं, हे तर चुकूनही विचारू नका. शके १५४९ची तिथी देणारे मल्हार रामराव चिटणीस आपली बखर लिहायला बसले ते १८१०च्या सुमारास, म्हणजे जन्मानंतर जवळजवळ १८० वर्षांनी. तुम्हाला स्वतःच्या पणजोबांचा जन्मवार सांगता येत नाही, ही वेगळी गोष्ट. कृष्णाजी अनंत सभासद महाराजांच्या पदरी होता, त्याने बखर लिहिली १६९७ साली, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. तो जन्मतिथी देतच नाही. जवळचा माणूस गप्प आणि लांबचा माणूस वारासकट ठाम, हे दिसलं की कुणीतरी शहाणा विचारतो, 'मधल्या काळात ही माहिती आली कुठून?' त्याला तिथल्या तिथे दुसरा चहा द्यावा. तोंडात कप असला की प्रश्न थांबतात.

आता पक्षपात. हा शब्द फार उपयोगी आहे, पण नारळासारखा वापरायचा, एकदाच आणि जोरात आपटायचा. 'शिवभारत' कुणाचं? कवींद्र परमानंदाचं. तो दरबारचा कवी, राजाची स्तुती करणारच, म्हणजे ग्रंथ बाद. जेधे कोण? वतनदार. कान्होजी जेधे अफजलखानाच्या वेळी महाराजांच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा घराण्याचा मोठेपणा लिहिणारच, म्हणजे शकावली बाद. झालं, दोन मिनिटांत मैदान मोकळं.

इथे एक धोक्याची जागा आहे. जेध्यांच्या पराक्रमाची नोंद सावधपणे वाचावी हे ठीक, पण महाराजांचा जन्म वैशाखात न टाकता फाल्गुनात टाकून जेध्यांच्या वतनात किती बिघे वाढले असते? परमानंदाने लढाईतले हत्ती दुप्पट केले असतील, तरी शक बदलून त्याला कोणतं कडं मिळणार होतं? हा प्रश्न डोक्यात शिरला की माणूस अख्खा कागद टाकून द्यायचा सोडून एकेक विधान तपासायला लागतो. मग रात्रीचे अकरा वाजतात आणि लिफ्ट बंद होते.

परमानंदाची आणखी एक खोड सांगतो. त्याने शक आकड्यांत लिहिलाच नाही. भू, बाण, प्राण, चंद्र असे शब्द घातले. पृथ्वी एक, मदनाचे बाण पाच, प्राण पाच, चंद्र एक. असा शक उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो, आणि हा तर कुठूनही वाचा, १५५१च. आकडा असता तर नक्कल करणाऱ्याच्या हातून एकाचा नऊ झाला असता, पण छंदात बसलेल्या 'बाणा'चं काय वाकडं होणार? असल्या माणसाशी वाद घालू नये, त्याला सरळ भाट म्हणावं.

साधनं मोजताना संख्या बघावी. तुमच्या मोबाइलवर वीस जणांकडून आलेला एकच मजकूर म्हणजे वीस पुरावे. विसांच्या विसांत 'शिवनेरी'चं 'शिवेनरी' झालं असलं तरी ते एकाच्याच पोटातून निघालेत असं मानू नये. समोरच्या बाजूला मोजून तीन. कारीची शकावली, तंजावरच्या ग्रंथालयात सापडलेलं काव्य आणि जोधपूरच्या पंडितांकडच्या पत्रिकांच्या संग्रहातली एक कुंडली. मावळातला देशमुख, दरबारातला कवी आणि मारवाडातला ज्योतिषी यांनी एकमेकांचं बघून लिहिलं असण्याची शक्यता किती, हा हिशेब आपण करायचा नाही.

आणि हुकमाचा एक्का, फोन. गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तो टाकला. शकावलीत वार आहे शुक्रवार. काकांनी फोनमध्ये १९ फेब्रुवारी १६३० काढली. मंगळवार! ऑफिसात असा जल्लोष झाला की वॉचमन धावत आला. "आता बोला," काका म्हणाले, "कागद खोटा!"

पहिल्या मजल्यावरचा मुलगा, कॉलेजात जाणारा, दाराशी उभा होता. म्हणाला, "काका, फोन आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर मागे ओढत नेतो. १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे, त्या काळचे इंग्रज तीच वापरायचे. त्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचा फरक. तुम्ही १ मार्च १६३० बघा." काकांनी बघितलं. शुक्रवार.

शांतता पसरली. मग मुलाने स्वतःच घोळ केला. म्हणाला, "अर्थात नुसता वार जुळला म्हणून खरं नाही ठरत. सातात एकदा थापसुद्धा बरोबर बसते. पण तिथे नक्षत्रही दिलंय, हस्त. तेही जुळतं का, ते पंचांगवाल्याकडून मांडून घ्यायला हवं." स्वतःच्या बाजूच्या पुराव्यातली फट स्वतःच दाखवणारा माणूस वादात कधी घेऊ नये. आमच्याकडे त्याला त्याच दिवशी सतरंज्या घालायच्या कामावर लावलं.

काका मात्र हटले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "बरं, ते दहा दिवस गेले कुठे?"

"गेले नाहीत, काका. मोजायची पद्धत वेगळी."

"असं कसं? दहा दिवस म्हणजे दहा दिवस. त्यांचं मेंटेनन्स कोणी भरलं?"

यावर सेक्रेटरींनी वही उघडली, आणि विषय गच्चीच्या वर्गणीवर आला.