न्हाई म्हणजे न्हाई, ‘नाही’ न्हवं!

यंत्राला मराठी बोलणं कळावं म्हणून आवाजाच्या क्लिपा ऐकून टाइप करायच्या, असं हे डेटा लेबलिंगचं काम. त्याची परत बॅच रिजेक्ट. सात-सात सेकंदांच्या 120 क्लिपा, सगळ्या मिळून 14 मिनिटं आवाज, आणि कारणाच्या रकान्यात एकच ओळ: `Quality below threshold`. कुठली क्लिप, कुठला शब्द, काही पत्ता नाही. रिव्ह्यूअरच्या हात धुऊन मागं लागल्यावर एका क्लिपचं गोल्ड, म्हणजे त्यांचं ‘बरोबर उत्तर’, बाहेर आलं. ते बघून डोकंच फिरलं.

क्लिपमध्ये तासगावकडचा माणूस स्वच्छ बोलतोय: ‘आरं, त्या द्राक्षाच्या बागंत औषध मारायला कोण आलंय का न्हाई?’ सूचनांच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरात लिहिलंय की जसं ऐकू येतं तसं लिहा, व्याकरण सुधारू नका. म्हणून तसंच लिहिलं. गोल्ड काय म्हणतंय? ‘अरे, त्या द्राक्षाच्या बागेत औषध मारायला कोण आले आहे का नाही?’ अहो, द्राक्षबागेत उभं राहून ‘कोण आले आहे का’ असं विचारणारा माणूस दाखवा, त्याला पेटीभर बेदाणा फुकट!

आता यावर मार्क कसे कापतात ते बघा. शब्द-चूक दर, ज्याला सगळे डब्ल्यूईआर म्हणतात, तो काढताना गोल्डमधल्या शब्दसंख्येनं भागतात. गोल्डमध्ये 11 शब्द. आरं, बागंत, न्हाई हे तीन बदललेले शब्द, म्हणजे तीन चुका. आणि ‘आलंय’? ते एकटं, समोर ‘आले आहे’ दोघं. एक शब्द बदलला म्हणून एक चूक आणि एक शब्द गाळला म्हणून आणखी एक. झाल्या पाच. 5 भागिले 11, म्हणजे 45 टक्के चूक. प्रोजेक्टची मर्यादा 10 टक्के. कान बरोबर, हात बरोबर, सूचना पाळल्या, आणि निकाल काय, तर निम्मं वाक्य चुकलं! 120 मध्ये अशा सहा गोल्ड क्लिपा लपवलेल्या असतात आणि त्या सहांच्या जिवावर उरलेल्या 114 कचऱ्यात जातात.

न्हाईचं नाही करायला हरकत नाही हो. शोधयंत्रासाठी प्रमाण रूप पाहिजे असेल तर तेही रास्त काम आहे. बोली ओळखणारं यंत्र पाहिजे असेल तर न्हाईच पाहिजे. पण दोन्हींतलं एक काय ते आधी ठरवा की! पहिल्या पानावर ‘जसंच्या तसं’ आणि सतराव्या पानाच्या तळटीपेत ‘प्रमाण लेखनानुसार’, हा कुठला न्याय? तळटीप वाचायचे पैसे मिळत नाहीत, न वाचल्याचे मात्र कापतात.

आणि ते ‘ऱ्या’चं भूत. ‘शेतकऱ्याला’ हा शब्द दोघांनी टाइप केला, पडद्यावर सारखाच दिसला, तरी चूक! कारण तो आत दोन तऱ्हांनी लिहिला जातो:

```
ऱ + ् + य         U+0931 U+094D U+092F
र + ् + ZWJ + य   U+0930 U+094D U+200D U+092F
```

ZWJ म्हणजे अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह. कोणता कीबोर्ड काय टाकेल ते कीबोर्डवर. तपासणीचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं दोन्ही रूपं आधी एक करून घेतली नाहीत, तर शेतकरी, वारकरी, सातारी, सांगलीकरांची सगळी ‘ऱ्या’वाली मंडळी चुकीची ठरतात. नेहमीचं युनिकोड सामान्यीकरण चालवलं तरी हे ZWJ जात नाही, आणि नुसतं काढलं तर ‘ऱ्य’चं ‘र्य’ होतं; म्हणून ‘र + ् + ZWJ’ च्या जागी ‘ऱ + ्’ मुद्दाम घालावं लागतं. एकच शब्द सारखा चुकीचा दाखवत असेल आणि डोळ्यांना काहीच फरक दिसत नसेल, तर हेच झालंय समजा. नमुन्याच्या उत्तरातला तो शब्द कॉपी करून तपासा आणि बॅच संपेपर्यंत कीबोर्ड बदलू नका. मोबाइलवर निम्मं, लॅपटॉपवर निम्मं, तर मग हाय का गम्मत!

पैशाचं तर विचारूच नका. जाहिरातीत ‘तासाला 600 रुपये’. कुणाचा तास? आवाजाचा! म्हणजे आवाजाच्या मिनिटाला 10. ऐका, थांबवा, मागं जा, लिहा, वेळेच्या खुणा लावा, ट्रॅक्टर वाजला तिथं `<noise>` टाका, दोघं एकदम बोलले तिथं `<overlap>`. एका मिनिटाला सात मिनिटं सहज जातात. 14 मिनिटांची बॅच, 98 मिनिटं काम, 140 रुपये. तासाला पडले 86. त्यात पात्रता परीक्षा फुकट, सूचना वाचणं फुकट, दुरुस्ती फुकट, आणि ‘सध्या टास्क उपलब्ध नाहीत’ बघत बसणं तर परमफुकट. काही ठिकाणी मधली शांतताही कापतात, म्हणजे बोलणारा दम खायला थांबला तर तेवढे पैसे गेले. ऐकायची मात्र तीही लागते.

आता नवीन खूळ: यंत्रानं आधीच लिहिलेलं असतं, तुम्ही ‘फक्त दुरुस्त करा’, म्हणून दर निम्मा. त्या यंत्रानं तासगावचं ‘तास गाव’ केलेलं असतं आणि बेदाण्याचं ‘बे दाणा’. तुटलेला एक शब्द म्हणजे दोन चुका, हे वरच्या हिशोबानं कळलंच असेल. वर डोळा फसतो; लिहिलेलं दिसलं की कानाला तसंच ऐकू यायला लागतं. मसुदा घाण असेल तर सरळ पुसा आणि कोऱ्यापासून लिहा, लवकर होतं. आधी मसुदा न बघता एकदा क्लिप ऐकायची, हे तर कधीच सोडू नका.

त्या ‘नोंदणी फी भरा, घरबसल्या कामं घ्या’वाल्यांबद्दल लिहायला बसलो तर लाईट जाईल. पैसे घेऊन काम देणारा, मग ‘अचूकता कमी, करार मोडला’ म्हणून वकिलाच्या नोटिशीचा पीडीएफ पाठवणारा, तो लेबलिंगवाला नव्हे, तो भामटा. पुढं.

पण खरं सांगू का? 140 रुपयांसाठी एवढी आग होत नाही. शेऱ्यात खाली लिहिलं होतं, ‘कृपया मूळ मराठी भाषक असल्याची खात्री करा.’ हे सांगलीकराला! तिथं फ्यूज उडाला. आणि निषेध म्हणून काय केलं, तर शेकडो शब्द फुकट टाइप केले, `<noise>` चा टॅगसुद्धा न लावता. तोंडानं राग, हातानं मोफत डेटा. शाबास मर्दा!

तरी पुढची बॅच उघडाल तर 120 ची 120 एकदम मारू नका. दहा करा, घड्याळ लावून. ‘आलंय एक शब्द की दोन, न्हाई ठेवायचं की नाही, पाचशे अक्षरात की आकड्यात’ एवढे तीनच प्रश्न लेखी विचारा, सोडवलेले पाच नमुने मागा, आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा, कारण सूचनांची फाइल रात्रीत बदलते आणि जुनी आवृत्ती कुणालाच आठवत नाही. दहांचा निकाल आल्याशिवाय अकरावीला हात लावायचा न्हाई.

न्हाई. एक शब्द.