‘ईडिपस’च्या नोट्सबद्दल खुलासा

‘ईडिपस बापाला मारतो, आईशी लग्न करतो, तोच नाटकाचा क्लायमॅक्स.’

पणजी-मडगावच्या बी.ए. इंग्रजीच्या ग्रुपांवर फिरणारी ही नोट चुकीची आहे. ग्रीक नाटककार सोफोक्लिसचं हे नाटक सुरू होतं तेव्हा हे सगळं घडून वर्षं लोटलेली असतात. रंगमंचावर चालतो तो शोध: आधीचा राजा लायस याचा खुनी कोण? आईशी लग्न होईल ही राजा ईडिपसची भीती घालवायला म्हणून कॉरिंथचा दूत सांगतो की तुला वाढवणारा पॉलिबस तुझा जन्मदाता नव्हे, आणि तिथेच सगळं उलटतं. त्याच्या बायकोला, योकास्टाला, आपणच त्याची आई हे लगेच उमगतं. ईडिपसला मात्र त्याला तान्हेपणी टाकायला नेलेल्या मेंढपाळाला बोलतं केल्यावर. ॲरिस्टॉटलने कलाटणीचं उदाहरण म्हणून हाच दूत घेतला आहे. राजा दुष्ट नाही, अजाणता चुकलेला आहे. म्हणून तर जीव हळहळतो.

कृपया ती नोट पुढे पाठवू नका. पाठवली असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.